दहा लाख घरे आणि एकच प्रश्न

बुद्धिबळाच्या पटासारखा, पण हजार बाय हजार घरांचा एक पट आहे. एकूण घरे १० लाख. सुरुवातीला सगळी घरे बंद आहेत. मग चिठ्ठी टाकावी तसे कुठलेही एक घर निवडून उघडायचे, मग दुसरे, मग तिसरे. शेजारशेजारची दोन घरे उघडी असतील तर एकातले पाणी दुसऱ्यात जाते; तिरके मात्र जात नाही. वरच्या ओळीवर पाणी ओतत राहायचे आणि पाहायचे, की किती घरे उघडल्यावर ते पहिल्यांदा खालच्या ओळीपर्यंत पोहोचते.

हा खेळ वाटला तरी त्याचा उगम गंभीर आहे. ब्रिटनमध्ये सायमन ब्रॉडबेंट कोळसा खाणींतल्या कामगारांच्या गॅस मास्कवर काम करत होते. मास्कमधल्या सच्छिद्र पदार्थातून वायू कुठवर शिरतो, हा त्यांचा प्रश्न होता. गणितज्ञ जॉन हॅमर्स्ली यांच्यासोबत त्यांनी १९५७ साली त्याला गणिती रूप दिले आणि ‘पर्कोलेशन’ नावाचे शास्त्र उभे राहिले. खडकातून झिरपणारे तेल, जंगलात पसरणारा वणवा, विजेचे वाहक कण मिसळलेले प्लास्टिक, अशा अनेक ठिकाणी हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत येतो.

पट पुरेसा मोठा असेल तर उत्तर ठरलेले आहे: सुमारे ५९.२७ टक्के घरे उघडली की वाट सापडते. त्याच्या थोडे अलीकडे ती जवळपास कधीच नसते आणि थोडे पलीकडे जवळपास नेहमी असते. नवलाची गोष्ट अशी, की चौकोनी पटासाठीचा हा आकडा काढून देणारे सूत्र कोणालाच सापडलेले नाही. तो संगणकावर पट पुन्हा पुन्हा भरूनच मोजावा लागतो. मार्क न्यूमन आणि रॉबर्ट झिफ यांनी २००० साली तो दशांश चिन्हानंतर सहा स्थळांपर्यंत अगदी नेमका मोजला. इतकी अचूकता गाठायची तर एकेक पट भरण्याचे काम फार वेगाने व्हायला हवे. त्यांच्या पद्धतीच्या गाभ्याशी होती ‘युनियन-फाइंड’ नावाची छोटीशी रचना.

पहिल्यांदा सुचणारा उपाय साधा आहे. एक घर उघडले, की वरच्या ओळीपासून पाणी सोडून बघायचे कुठवर जाते. उत्तर अचूक मिळते, पण पुढचे घर उघडले की सगळे पहिल्यापासून. पट निम्म्याहून अधिक भरला की प्रत्येक तपासणीत हजारो, पुढे लाखो घरे धुंडाळावी लागतात, आणि अशा तपासण्या करायच्या जवळपास सहा लाख. मागच्या तपासणीत कळलेले सगळे आपण दर वेळी टाकून देतो, ही या उपायातली खरी नासाडी आहे.

खरे तर पाणी कोणत्या वाटेने गेले याच्याशी आपल्याला काही देणेघेणे नाही. दोन घरे एकमेकांशी जोडलेली आहेत की नाहीत, एवढेच हवे आहे. जोडलेल्या घरांचा एक गट धरला तर काम दोनच क्रियांवर येते: दोन गट एकत्र करणे आणि एखादे घर कोणत्या गटात आहे ते शोधणे. पहिली क्रिया म्हणजे युनियन, दुसरी फाइंड. वरच्या ओळीवर एक आणि खालच्या ओळीखाली एक अशी दोन कल्पित घरे जोडून घेतली की पाण्याचा प्रश्नही एका ओळीत मावतो: ही दोन कल्पित घरे एकाच गटात आली का?

बर्नार्ड गॅलर आणि मायकेल फिशर यांनी १९६४ साली यासाठी एक युक्ती छापली. त्यांच्यासमोर पाणी नव्हते, फोरट्रान भाषेतले प्रोग्राम होते. त्या काळच्या आयबीएम ७०९० या मोठ्या यंत्राची स्मृती होती ३२,७६८ शब्दांची. जागा वाचवण्यासाठी प्रोग्रामर `EQUIVALENCE` असे लिहून सांगत, की ही दोन नावे एकाच जागेत ठेवा. अ आणि ब एका जागी, ब आणि क एका जागी, अशी विधाने साठली की शेवटी कोणकोण एकत्र बसणार हे भाषांतर करणाऱ्या प्रोग्रामला ठरवावे लागे. तोही गटांचाच प्रश्न होता.

युक्ती अशी. प्रत्येक सभासदाने गटातल्या सगळ्यांची यादी बाळगायची नाही. फक्त एक नाव लक्षात ठेवायचे: आपल्या वरचा कोण. ज्याच्या वर कोणी नाही तो स्वतःचेच नाव ठेवतो आणि तोच गटाचा प्रमुख. आपला गट शोधायचा तर वरच्याकडे जायचे, तिथून त्याच्या वरच्याकडे, असे करत प्रमुखापर्यंत. दोघांचा प्रमुख एकच निघाला तर गट एकच. आणि दोन गट जोडायचे असतील तर एका प्रमुखाने दुसऱ्या प्रमुखाचे नाव आपल्या वर लिहायचे, एवढेच. बाकी लाख सभासदांना त्याची खबरही लागत नाही.

जोडणे इतके स्वस्त झाले, पण त्याची किंमत शोधताना मोजावी लागू शकते. समजा पहिला दुसऱ्याखाली गेला, दुसरा तिसऱ्याखाली, तिसरा चौथ्याखाली, आणि असेच १० लाखापर्यंत चालले. मग गट म्हणजे एक लांबलचक साखळी होते आणि तळाच्या सभासदाला प्रमुख गाठायला ९,९९,९९९ पावले पडतात. प्रत्येक सभासदासाठी एकेकदा शोध घेतला तर एकूण पावले सुमारे ५० हजार कोटी. संगणक सेकंदाला १० कोटी पावले टाकतो असे धरले तरी तासाभराहून अधिक वेळ जातो. पद्धत बरोबर आहे, पण झाड वेडेवाकडे वाढले.

ते वाढू द्यायचे नसेल तर एक छोटा नियम पुरतो. प्रत्येक प्रमुखाजवळ एक आकडा ठेवायचा, त्याला रँक म्हणतात. सुरुवातीला सगळ्यांची रँक शून्य. दोन प्रमुख समोरासमोर आले की कमी रँकचा जास्त रँकच्या खाली जातो आणि कोणाचीही रँक बदलत नाही. दोघे समान असतील तर कोणीही एक वर राहतो आणि त्याचीच रँक एकाने वाढते. यालाच युनियन बाय रँक म्हणतात.

कुस्तीच्या आखाड्याशी याची तुलना करता येते. आपल्या तोडीच्या पैलवानाला चीत केले तरच मान एकाने वाढतो. हलक्या पैलवानाला हरवून काही मिळत नाही. आणि एकदा हरलेला पुन्हा मैदानात उतरत नाही. रँक एक मिळवायला गटात निदान दोघे हवेत. रँक दोन मिळवायला एक रँकचे दोन प्रमुख भिडावे लागतात, म्हणजे निदान चौघे. रँक तीनला आठ, चारला सोळा. रँक दहापर्यंत पोहोचलेल्यामागे निदान १,०२४ जण असतात. १० लाख सभासदांत वीस रँकचा प्रमुख होऊच शकत नाही, कारण त्याला १०,४८,५७६ जण लागतील. त्यामुळे सगळ्यात वरची रँक १९, आणि वर जाताना दर पावलाला रँक वाढतच असल्याने कोणत्याही शोधाला १९ पेक्षा जास्त पावले पडत नाहीत. साखळीतली दहा लाखांची वाट एकोणिसावर आली, तीही केवळ एक आकडा जपल्यामुळे.

बहुतेक कामांना एवढे पुरेल. पण या विषयाचे सौंदर्य पुढच्या पायरीत आहे.

शोध घेणारा खालपासून वर गेला की वाटेतल्या प्रत्येकाचा प्रमुख कोण हे त्याला कळलेले असते. ही माहिती फुकट हातात आली आहे, मग ती वाया का घालवायची? परत फिरताना वाटेतल्या प्रत्येकाला थेट प्रमुखाचे नाव लिहून द्यायचे. पुढच्या वेळी त्यांच्यापैकी कोणालाही एकच पाऊल पडेल. हे पाथ कॉम्प्रेशन. बेल प्रयोगशाळेतले डग मॅकिलरॉय आणि रॉबर्ट मॉरिस यांनी ही युक्ती आपल्या प्रोग्राममध्ये वापरली होती. दोन्ही नियम मिळून सगळा प्रोग्राम पायथॉन भाषेत इतकाच होतो:

```
def find(x):
    root = x
    while parent[root] != root:
        root = parent[root]
    while parent[x] != root:
        parent[x], x = root, parent[x]
    return root

def union(a, b):
    a, b = find(a), find(b)
    if a == b:
        return
    if rank[a] < rank[b]:
        a, b = b, a
    parent[b] = a
    if rank[a] == rank[b]:
        rank[a] += 1
```

आठ घरे घेऊन हे हाताने करून पाहता येते. आधी १ आणि २ जोडले: २ गेले १ च्या खाली, १ ची रँक एक. मग ३ आणि ४ जोडले: ४ गेले ३ खाली, ३ ची रँक एक. आता १ आणि ३ समान रँकचे. ३ गेले १ खाली, १ ची रँक दोन. दुसरीकडे ६ गेले ५ खाली, ८ गेले ७ खाली, आणि मग ७ गेले ५ खाली; ५ ची रँकही दोन. शेवटी १ आणि ५ जोडले. पुन्हा बरोबरी, म्हणून ५ गेले १ खाली आणि १ ची रँक तीन झाली.

आता विचारा, ८ चा प्रमुख कोण? ८ वरून ७, ७ वरून ५, ५ वरून १. तीन पावले. परतताना ८ आणि ७ या दोघांनी आपल्या वर थेट १ लिहून घेतले. ५ तर आधीच १ च्या खाली होते. पुन्हा ८ बद्दल विचारले तर एकच पाऊल. ७ बद्दल कोणी अजून विचारलेलेच नाही, तरी त्याचेही काम आधीच झाले आहे.

एक बारकावा इथे लक्षात घ्यायला हवा. झाड आखूड झाले, तरी १ ची रँक तीनच राहते. रँक म्हणजे आता झाडाची खरी उंची नव्हे. उंची याहून जास्त नाही एवढीच ती हमी. ती दर वेळी दुरुस्त करायची तर सगळे झाड मोजावे लागेल आणि मिळवलेला वेळ त्यातच जाईल. शिवाय रँक कमी न होणे हीच पुढच्या हिशेबाची कळ आहे.

प्रश्न असा, की दोन्ही नियम एकत्र वापरल्यावर एका शोधाला सरासरी किती पावले पडतात? एखाद्या शोधाला १९ पडू शकतात हे खरे, पण असा महाग शोध आपल्यामागे झाड आखूड करून जातो आणि पुढचे कित्येक शोध स्वस्त होतात. म्हणून हिशेब एकेका शोधाचा न करता सगळ्यांचा मिळून करावा लागतो. जॉन हॉपक्रॉफ्ट आणि जेफ्री उल्मन यांनी १९७३ साली असा हिशेब मांडला, आणि तो कागद-पेन घेऊन कोणालाही समजून घेता येतो.

त्यासाठी शून्य ते १९ या रँकांचे पाच पट्टे पाडायचे. पहिल्या पट्ट्यात ० आणि १. दुसऱ्यात फक्त २. तिसऱ्यात ३ आणि ४. चौथ्यात ५ ते १६. पाचव्यात १७ पासून पुढे. हे पट्टे मनाला येतील तसे पाडलेले नाहीत. दोनचा दुसरा घात ४, चौथा घात १६, सोळावा घात ६५,५३६. प्रत्येक पट्टा जिथे संपतो तो आकडा दोनचा घात म्हणून घेतला, की पुढचा पट्टा कुठे संपणार ते कळते. पाचवा पट्टा त्यामुळे ६५,५३६ पर्यंत चालतो.

आता शोधातल्या प्रत्येक पावलाचा खर्च कोणाच्या नावावर घालायचा ते ठरवू. पाऊल एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात गेले तर तो खर्च त्या शोधाचा. वर जाताना रँक वाढतच जाते आणि पट्टे पाच, म्हणून अशी पावले एका शोधात चारच असू शकतात. थेट प्रमुखावर पडणारे शेवटचे पाऊलही शोधाच्याच नावावर. म्हणजे प्रत्येक शोधाचा स्वतःचा खर्च फार तर पाच.

उरली ती पावले, जी एकाच पट्ट्यात राहतात आणि प्रमुखापर्यंत पोहोचत नाहीत. त्यांचा खर्च ज्या सभासदावरून पाऊल उचलले त्याच्या नावावर लिहायचा. आणि इथे कॉम्प्रेशन कामाला येते. असे पाऊल पडले, की त्या सभासदाच्या वर नवा प्रमुख लिहिला जातो आणि त्या प्रमुखाची रँक आधीच्या वरच्यापेक्षा नक्की जास्त असते. सभासदाची स्वतःची रँक तर तो कोणाखाली गेला तेव्हाच गोठली. त्यामुळे प्रत्येक खर्चाबरोबर त्याच्या वरच्याची रँक निदान एकाने चढते, आणि ती पट्ट्याबाहेर गेली की त्या सभासदाच्या नावावर पुन्हा कधीच खर्च पडत नाही.

चौथा पट्टा घेऊन हे तपासू. इथल्या सभासदाच्या वरच्याची रँक ६ ते १६ यांपैकी काहीही असू शकते, म्हणजे त्याच्या नावावर फार तर ११ वेळा खर्च पडेल. अकरा थोडे नाहीत. पण या पट्ट्यात माणसे किती? पाच किंवा त्याहून वरच्या रँकचा प्रत्येकजण निदान ३२ जणांच्या बळावर तिथे पोहोचलेला असतो आणि वरच्या रँकेसाठी हे बळ दर वेळी दुप्पट लागते. सगळी बेरीज केली तर १० लाखांत असे सभासद फार तर ६२,५०० भरतात. ६२,५०० ला ११ ने गुणले तर ६,८७,५००. दहा लाख सभासदांत वाटला तर एकाच्या वाट्याला एक पाऊलही येत नाही.

पाचव्या पट्ट्यात सभासद फार तर १५, आणि १९ ही कमाल रँक असल्याने प्रत्येकाचा खर्च दोनहून जास्त नाही. तिसऱ्या पट्ट्यात तीन रँकचे सभासद फार तर सव्वा लाख, खर्च प्रत्येकी एक. दुसऱ्यात खर्चच नाही, कारण तिथे रँक एकच आहे. पहिल्यात प्रत्येकी फार तर एक. सगळे मिळून १८ लाखांच्या थोडे पुढे. हा खर्च आयुष्यभराचा आहे. शोध लाख घ्या नाही तर कोटी घ्या, तो यापुढे जात नाही.

पट्टा जसा वर सरकतो तसा तो प्रचंड रुंद होतो, पण त्यात पोहोचणारे सभासद त्याच वेगाने दुर्मीळ होतात. रुंदी आणि गर्दी एकमेकांना बरोबर छाटतात, म्हणून प्रत्येक पट्ट्याचा एकूण खर्च सभासदांच्या संख्येच्या आतच राहतो. मग खरा प्रश्न एवढाच उरतो, की पट्टे किती.

आणि पट्टे वाढतच नाहीत. सहावा पट्टा सुरू व्हायला ६५,५३७ रँकचा प्रमुख लागेल, आणि त्याच्या गटात निदान दोनचा ६५,५३७ वा घात इतके सभासद हवेत. ही संख्या लिहायला १९,७२९ अंक लागतात. दृश्य विश्वातल्या अणूंची अंदाजे संख्या लिहायला ८० च्या आसपास अंक पुरतात. म्हणजे विश्वातला प्रत्येक अणू सभासद केला तरी पट्टे पाचच. ‘जवळजवळ स्थिर वेळ’ म्हणतात ते या अर्थाने: दर शोधाला सरासरी लागणारी पावले संख्येबरोबर वाढतात हे खरे, पण इतकी सावकाश की ती वाढ पाहण्याइतकी मोठी संख्या जगात कुठेच भेटत नाही.

पुन्हा पर्कोलेशनच्या पटाकडे पाहू. नवे घर उघडले की फार तर चार शेजाऱ्यांशी जोडायचे, प्रत्येक जोडणीत दोन शोध, आणि वर-खालच्या कल्पित घरांची तपासणी करायला आणखी दोन. घरामागे दहा शोध. सहा लाख घरांना साधारण ६० लाख शोध, आणि प्रत्येकाला पाच पावले धरली तर तीन कोटी, वर ते १८ लाख. काही सेकंदांत आटोपणारे काम. प्रत्यक्षात पावले याहूनही पुष्कळ कमी पडतात, कारण हा हिशेब सगळ्यात वाईट शक्यता धरून केलेला आहे.

गणितज्ञ मात्र पाच पट्ट्यांवर थांबले नाहीत. रॉबर्ट टार्जन यांनी १९७५ साली पट्ट्यांच्या आत पट्टे आणि त्यांच्या आत आणखी पट्टे पाडून तोच हिशेब जास्त बारकाईने केला. त्यातून खर्चाची मर्यादा आली ती विल्हेल्म आकरमान यांनी १९२८ साली मांडलेल्या एका फलनाच्या उलट्या रूपात. पुन्हा पुन्हा बेरीज केली की गुणाकार होतो, पुन्हा पुन्हा गुणाकार केला की घात, पुन्हा पुन्हा घात केला की घातांवर घातांचा मनोरा. आकरमान यांचे फलन या पायऱ्या चढत राहते आणि चौथ्या-पाचव्या पायरीवर माणसाच्या कल्पनेबाहेर जाते. त्याचे उलटे फलन तितकेच हळू चालते. व्यवहारात येणाऱ्या कोणत्याही संख्येसाठी ते चारच्या पुढे जात नाही. ते α या ग्रीक अक्षराने लिहितात.

त्या निबंधाच्या शीर्षकात टार्जन यांनी या पद्धतीला चांगली, पण रेषीय नसलेली असे म्हटले आहे. त्यामागे मोठा शोध होता. हिशेब आणखी नेटका केला तर α गळून पडेल आणि खर्च खरोखर स्थिर निघेल, अशी आशा बाळगायला जागा होती. टार्जन यांनी दाखवले, की जोडण्या आणि शोध मुद्दाम रचले तर α इतका खर्च खरोखरच पडतो. म्हणजे तो हिशेबातला ढिलेपणा नाही, पद्धतीच्या स्वभावातच आहे. पुढे १९८९ साली मायकेल फ्रेडमन आणि मायकेल सॅक्स यांनी सिद्ध केले, की ही पद्धत सोडून दुसरी कोणतीही वापरली तरी सर्वसाधारण प्रश्नासाठी याहून खाली जाता येत नाही. एवढ्या साध्या प्रश्नाच्या तळाशी असे विचित्र फलन दडलेले असावे, ही संगणकशास्त्रातली सर्वांत अनपेक्षित गोष्टींपैकी एक आहे.

प्रोग्राम लिहिताना होणाऱ्या चुका मात्र अगदी साध्या असतात. सर्वांत नेहमीची चूक म्हणजे प्रमुखांऐवजी सभासदाला सभासदाखाली जोडणे. वरच्या प्रोग्राममध्ये `union` आधी दोन्हीकडे `find` करते; ते विसरून `parent[a] = b` असे लिहिले तर a आपला जुना गट सोडून पलीकडे जातो आणि आधी जोडलेली घरे तुटतात. हे पकडायची सोपी खूण आहे. सुरुवातीला गट मोजायचे आणि दोन वेगळे प्रमुख भेटतील तेव्हाच आकडा एकाने कमी करायचा. शेवटी ज्यांचा वरचा ते स्वतःच आहेत असे सभासद मोजायचे. दोन आकडे जुळले नाहीत तर जोडणीत गडबड आहे. तशीच दुसरी चूक म्हणजे दोघे एका गटात आहेत का हे `parent` तुलना करून ठरवणे. आठ घरांच्या उदाहरणात ६ चा वरचा ५ आणि २ चा वरचा १. दोन्ही आकडे वेगळे, गट मात्र एकच.

तिसरी चूक चुपचाप बसते. रँकचा नियम विसरला तरी उत्तरे बरोबरच येतात. पण `find` स्वतःलाच बोलावणारे लिहिले असेल आणि साखळी लांब झाली, तर पायथॉनमध्ये नेहमीची १,००० ची मर्यादा ओलांडली की `RecursionError` येऊन प्रोग्राम थांबतो. लहान चाचण्यांत हे दिसत नाही, खऱ्या माहितीवर अचानक दिसते. वर दिलेले `find` दोन वेळा साधी वाट चालते, त्यामुळे त्याला हा धोका नाही.

आणि काही कामे या रचनेला जमतच नाहीत. दोन घरे जोडलेली आहेत हे ती सांगते, कोणत्या वाटेने ते सांगत नाही. दुसरी अडचण मोठी: जोडलेले पुन्हा तोडता येत नाही. कॉम्प्रेशनने प्रत्येकाच्या वरचा बदलून टाकलेला असतो, त्यामुळे कोणती जोडणी कोणामुळे झाली याची खूण उरत नाही. शेवटची जोडणी मागे घेण्याइतकी सोय हवी असेल तर कॉम्प्रेशन सोडून केवळ रँक वापरतात आणि दर शोधाला पडणारी १९ पावले मान्य करतात. प्रत्येक जोडणीत बदललेली एक-दोन नावे लिहून ठेवली की ती उलट क्रमाने पूर्ववत करता येतात.

घरे एकेक करून बंद होत जाणार असतील आणि कोणते कधी बंद होणार हे आधीच माहीत असेल, तर आणखी एक वाट आहे. सगळे बंद झाल्यानंतरच्या स्थितीपासून सुरुवात करायची आणि घटना उलट क्रमाने चालवायच्या. तसे केले की बंद होणारे प्रत्येक घर उघडणारे ठरते, प्रत्येक तोडणी जोडणी होते, आणि उत्तरे शेवटापासून सुरुवातीकडे लिहीत गेले की काम त्याच दोन क्रियांत पुरे होते.